हप्ता तोच, व्याज कमी : बचत खात्याशी जोडलेले गृहकर्ज

ज्यांचे बँकेत २०१० च्या आधीपासून बचत खाते आहे, त्यांना दहा तारखेचे महत्त्व आठवत असेल. तेव्हा महिन्याचे व्याज ठरे ते दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. पंचवीस दिवस खात्यात लाखभर रुपये असले आणि विसाव्या दिवशी ते एकदाच दहा हजारांवर आले, तरी बँक दहा हजारांवरच व्याज देई. म्हणून घरातली जाणती माणसे सांगत, ‘पैसे भरायचे तर दहाच्या आत भर, काढायचे तर पुढच्या महिन्यात काढ.’ १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने हे बदलले आणि रोजच्या शिलकीवर व्याज मोजले जाऊ लागले.

रोजच्या शिलकीचा हाच हिशेब ठेवीऐवजी कर्जाच्या बाजूला लावला, की बचत खात्याशी जोडलेले गृहकर्ज तयार होते. घरासाठी चाळीस लाखांचे कर्ज काढले आणि जोडलेल्या खात्यात आज तीन लाख रुपये पडून आहेत, तर बँक आजच्या दिवसाचे व्याज सदतीस लाखांवर आकारते. उद्या त्यातले एक लाख काढले तर उद्याचे व्याज अडतीस लाखांवर. पैसे तुमचेच राहतात, हवे तेव्हा काढता येतात, आणि पडून असतात तेवढे दिवस ते कर्जाचे व्याज अडवून धरतात.

दुकानदारांना हे नवे नाही. त्यांचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे बाजारात ज्याला सीसी म्हणतात ते, असेच चालते. संध्याकाळी गल्ला भरला की उचल कमी होते, सकाळी माल घेतला की वाढते, आणि व्याज लागते ते जेवढी उचल जेवढे दिवस होती तेवढ्यावर. पगारदाराच्या घरकर्जाला हीच सोय लावली आहे. ऑस्ट्रेलियात अशा खात्याला ऑफसेट अकाउंट म्हणतात आणि तिथे घरकर्ज घेणाऱ्यांना ते चांगले परिचयाचे आहे. आपल्याकडे स्टेट बँकेचे ‘मॅक्सगेन’ आणि बँक ऑफ बडोदाचे ‘होम लोन ॲडव्हांटेज’ ही या जातीची कर्जे. दोघांची रचना थोडी वेगळी आहे. मॅक्सगेनमध्ये कर्जखातेच ओव्हरड्राफ्टचे असते, त्यातच जादा पैसे ठेवायचे. दुसऱ्या प्रकारात कर्जखाते वेगळे आणि त्याला जोडलेले बचत खाते वेगळे. व्याजाचा हिशेब मात्र मुळात एकच.

हा हिशेब एका महिन्यापुरता संपूर्ण मांडून पाहू. त्याशिवाय या कर्जाचा फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, हे कळत नाही.

समजा, एका जोडप्याचे चाळीस लाखांचे कर्ज आहे, मुदत वीस वर्षे. साध्या गृहकर्जाचा दर ८.५० टक्के धरू. बचत खात्याशी जोडलेल्या कर्जाला बँका बहुधा थोडा जास्त दर लावतात. तो पाव टक्का जास्त, म्हणजे ८.७५ टक्के धरू. साध्या कर्जाचा हप्ता ३४,७१३ रुपये येतो, जोडलेल्या कर्जाचा ३५,३४८. हप्त्यातला हा फरक बहुतेकांना दिसतो. त्यामागचा मोठा आकडा मात्र नजरेआड राहतो. पाव टक्का हा संपूर्ण चाळीस लाखांवर लागतो, खात्यात एक रुपया नसला तरी लागतो. वर्षाचे दहा हजार रुपये झाले. सुरुवातीला ही सोय विकत घेण्याची किंमत एवढी आहे.

आता जून महिना घेऊ. तीस दिवसांचा आहे, हिशेबाला सोपा. १ जूनला सकाळी कर्ज नेमके चाळीस लाख आहे. जोडलेल्या खात्यात आधीपासून अडीच लाख आहेत. अडीअडचणीसाठी आणि मुलांच्या फीसाठी बाजूला ठेवलेले. त्याच दिवशी पगार जमा झाला, हप्ता वळता झाला, आणि पगारातले ५५,००० उरले. खात्यात ३,०५,००० रुपये झाले. ७ तारखेपर्यंत ते तसेच राहिले. ८ तारखेला किराणा, वीजबिल आणि क्रेडिट कार्डाचे बिल मिळून १५,००० गेले. ११ तारखेपर्यंतचे चार दिवस २,९०,००० राहिले. १२ तारखेला शाळेची फी ६०,००० भरली. १९ तारखेपर्यंतचे आठ दिवस खात्यात २,३०,०००. २० तारखेला दीड लाखाची एक मुदतठेव पुरी झाली आणि ती रक्कम याच खात्यात आली. २५ तारखेपर्यंत सहा दिवस ३,८०,०००. २६ तारखेला आणखी २०,००० खर्च झाले आणि शेवटचे पाच दिवस ३,६०,००० राहिले.

बँकेत पूर्वी कारकून ‘प्रॉडक्ट काढायचे’, तसे आपण काढू. प्रत्येक शिलकीला ती जितके दिवस होती तितक्याने गुणायचे आणि सगळी बेरीज करायची. सात दिवसांचे २१,३५,०००, चार दिवसांचे ११,६०,०००, आठ दिवसांचे १८,४०,०००, सहा दिवसांचे २२,८०,००० आणि पाच दिवसांचे १८,००,०००. बेरीज ९२,१५,०००. याला तीसने भागले की सरासरी शिल्लक मिळते, ३,०७,१६७ रुपये. व्याजासाठी मात्र बेरीजच वापरायची : ९२,१५,००० गुणिले ८.७५ टक्के, भागिले ३६५. उत्तर येते २,२०९ रुपये. या महिन्यात वाचलेले व्याज ते हेच.

पूर्ण चाळीस लाखांवर ८.७५ टक्क्यांनी तीस दिवसांचे व्याज २८,७६७ रुपये झाले असते. त्यातून २,२०९ वजा केले की २६,५५८ उरतात. हप्ता मात्र ठरलेला, ३५,३४८ रुपयांचाच. इथे पुष्कळांची गल्लत होते. खात्यात पैसे ठेवले म्हणून हप्ता कमी होत नाही. हप्त्यातला व्याजाचा वाटा कमी होतो आणि तेवढा मुद्दलाचा वाढतो. खाते रिकामे असते तर या हप्त्यातून ६,५८१ रुपये मुद्दल फिटले असते. आता ८,७९० फिटले. बचत हातात पडत नाही, ती कर्ज लवकर संपण्याच्या रूपाने साठत जाते. महिन्याला हातात काही तरी उरेल या आशेने हे कर्ज घेणाऱ्याची निराशाच होते.

आता खरा प्रश्न. हेच जोडपे साध्या कर्जावर असते तर? साध्या कर्जाचे जूनचे व्याज ८.५० टक्क्यांनी २७,९४५ रुपये. जोडलेल्या कर्जाचे २६,५५८. फायदा १,३८७ रुपयांचा. बँकेचा माणूस समजावताना बहुधा इथेच थांबतो, आपण थांबू नये. कारण साधे कर्ज असते तरी हे तीन लाख हवेत तरंगत नसते. ते कुठे तरी असते आणि काही तरी मिळवत असते.

ते साध्या बचत खात्यात अडीच टक्क्यांनी पडले असते तर जूनमध्ये ६३१ रुपये व्याज मिळाले असते. (जोडलेल्या खात्यातल्या रकमेवर वेगळे व्याज सहसा मिळत नाही, तिने कर्जाचे व्याज कमी केले, तीच तिची कमाई.) म्हणजे खरा फायदा उरतो ७५६ रुपये. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या मुदतठेवीत असते तर १,६४१ रुपये मिळाले असते, आणि जोडलेले कर्ज उलट २५४ रुपयांनी महाग पडले असते. अर्थात मुदतठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर आहे. वाचलेल्या व्याजावर कर नाही, कारण ते उत्पन्नच नव्हे. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून त्या १,६४१ मधले सुमारे १,३०० हाती लागतात. तेव्हा पारडे पुन्हा जोडलेल्या कर्जाकडे झुकते, पण जेमतेम ८७ रुपयांनी.

म्हणून सर्वांना लागू पडेल असा एक आकडा देता येत नाही, पण आकडा काढायची रीत देता येते, आणि ती सोपी आहे. सोयीची वर्षाची किंमत घ्या. इथे ती दहा हजार. तिला दरांच्या फरकाने भागा. पैसे एरवी अडीच टक्क्यांच्या बचत खात्यात पडून राहणार असतील तर फरक ८.७५ वजा २.५०, म्हणजे ६.२५ टक्के. दहा हजार भागिले ६.२५ टक्के, बरोबर १,६०,०००. वर्षभर सरासरी एक लाख साठ हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहणार असेल तर जोडलेले कर्ज परवडते. पैसे एरवी साडेसहाच्या मुदतठेवीत जाणार असतील आणि त्या व्याजावर कर लागत नसेल, तर हीच मर्यादा ४,४४,००० च्या वर जाते. तीस टक्के कर भरणाऱ्याला मुदतठेवीतून हाती साडेचार टक्क्यांच्या आसपासच पडतात. त्याच्यासाठी मर्यादा २,३४,००० च्या जवळ येते. वर्षे जातील तसे कर्ज उतरते, पाव टक्क्याची रुपयांतली किंमतही उतरते, आणि ही मर्यादाही त्याच प्रमाणात खाली येते. कर्ज वीस लाखांवर आले की सगळे आकडे निम्मे.

या रीतीत ‘सरासरी’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. पगाराच्या दिवशी खात्यात लाख दिसतात म्हणून माणूस खूश होतो, पण पाच तारखेपर्यंत त्यातले सत्तर हजार गेलेले असतात. व्याज अडवायला पगार नव्हे, तळाशी बसून राहणारी रक्कम लागते. वरच्या उदाहरणात पगारातले ५५,००० आले आणि गेले; काम केले ते तळाच्या अडीच लाखांनी आणि विसाव्या दिवशी आलेल्या ठेवीने. हे कर्ज कुणासाठी, याचे उत्तर इथे सापडते. व्यावसायिक, डॉक्टर, वकील, सल्लागार, ज्यांच्याकडे पैसे एकरकमी येतात आणि आगाऊ कराचा भरणा किंवा पुढचा खर्च येईपर्यंत महिना-दोन महिने थांबतात, त्यांना याचा चांगला उपयोग होतो. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांनी लागणारे दहा लाख ज्यांनी आत्ताच जमवले आहेत, त्यांनाही. दहा लाख पूर्ण महिना राहिले तर जूनसारख्या महिन्यात ७,१९२ रुपये वाचतात; पाव टक्क्याचे ८२२ वजा केले तरी ६,३७० उरतात. ज्याच्या खात्यात महिनाअखेर दहा हजार उरायची मारामार, त्याने मात्र हे कर्ज घेऊ नये. तो दर महिन्याला ८२२ रुपये भरून न वापरलेल्या सोयीचे भाडे देत राहील.

आणखी एक तुलना करायला हवी, ती सहसा कुणी करत नाही. साध्या कर्जातही जादा पैसे भरता येतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच सांगितले आहे. मग तीच तीन लाखांची शिल्लक सरळ साध्या कर्जात भरली तर? तीच सरासरी धरली तर जूनमध्ये २,१४६ रुपये व्याज वाचते, आणि पाव टक्का जादा द्यावा लागत नाही. जोडलेल्या कर्जाची बचत होती १,३८७. फरक ७५९ रुपयांचा. म्हणजे हे जोडपे महिन्याला ७५९ रुपये देते ते केवळ एका गोष्टीसाठी : भरलेले पैसे उद्या परत काढता यावेत म्हणून. साध्या कर्जात भरलेला रुपया परत येत नाही. रात्री दोन वाजता इस्पितळात अनामत भरायची वेळ आली तर बँक तो देणार नाही. ज्याच्याजवळ याखेरीज दुसरा राखीव पैसा नाही, त्याला हे भाडे स्वस्त वाटेल. ज्याला तो पैसा पुन्हा लागणारच नाही, त्याने साधे कर्ज घ्यावे आणि बोनस आला की सरळ मुद्दलात भरावा. माझे मत विचाराल तर बहुतेक पगारदार घरांसाठी दुसराच मार्ग बरा. फक्त अडीअडचणीची रक्कम आधी बाजूला काढून ठेवावी.

आता हे कर्ज बिघडते कुठे, ते सांगतो.

ओव्हरड्राफ्ट प्रकारात स्टेटमेंटवर दोन वेगळे आकडे असतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. एक असतो उचलीच्या मर्यादेचा, तो दर महिन्याला ठरल्याप्रमाणे उतरत जातो. दुसरा असतो प्रत्यक्ष देण्याचा. वर्षभराने आपल्या उदाहरणातली मर्यादा सुमारे ३९,२२,००० वर येईल. खात्यात तीन लाख जादा ठेवलेले असतील तर देणे दिसेल ३६,२२,०००. माणूस म्हणतो, वर्षात पावणेचार लाख फिटले! फिटले आहेत अठ्ठ्याहत्तर हजार; बाकीचे तीन लाख फक्त ठेवलेले आहेत आणि उद्या काढले तर देणे पुन्हा वर जाईल. कर्ज खरोखर किती उतरले हे पाहायचे तर मर्यादेचा आकडा पाहा.

याच रचनेतून दुसरा धोका निघतो. हप्ता चुकला तर साध्या कर्जात लगेच फोन येतो. इथे जादा ठेवलेल्या रकमेतूनच महिन्याचे व्याज आणि उतरणारी मर्यादा भागत राहते, त्यामुळे पगारातून पैसे जायचे थांबले तरी काही महिने खाते सुरळीत दिसते. नोकरी गेलेल्या घराला हा दिलासाही असतो. पण ज्याच्या लक्षातच आले नाही, त्याची राखीव रक्कम गुपचूप संपते, आणि ज्या दिवशी ती संपते त्या दिवशी थकबाकी एकदम उभी राहते.

तिसरा धोका आपल्या हातात आहे, अगदी शब्दशः. या खात्याला चेकबुक असते, बहुधा कार्डही असते. साध्या कर्जात भरलेला पैसा मोहापासून दूर असतो; इथे तो मोबाइलवर समोर दिसत राहतो. नवी गाडी, परदेशाची सहल, मेहुण्याला उसने, सगळे याच शिलकीतून जाऊ शकते, आणि ते गेले की प्रत्यक्षात तुम्ही घरकर्जाच्या दराने सहल केलेली असते. घरातल्या दोघांनीही ‘याच्या खाली जायचे नाही’ असा एक आकडा ठरवून ठेवलेला बरा.

करापुरती एक गोष्ट. खात्यात ठेवलेली जादा रक्कम म्हणजे मुद्दलाची परतफेड नव्हे. त्यामुळे जुन्या करप्रणालीत मुद्दलाच्या फेडीवर जी वजावट मिळते, तिच्यात ही रक्कम धरता येत नाही. व्याजाची वजावटही प्रत्यक्ष लागलेल्या, म्हणजे कमी झालेल्या व्याजाचीच मिळते. एक रुपया व्याज वाचवून तीस पैशांची करसवलत गेली तर सत्तर पैसे तरी वाचलेच. तेव्हा करसवलतीसाठी मुद्दाम खाते रिकामे ठेवण्यात काही अर्थ नाही.

कर्ज घेण्याआधी शाखेत बसून विचारा, आणि उत्तर तोंडी नको, मंजुरीपत्रात दाखवायला सांगा : व्याजासाठी माझी संपूर्ण शिल्लक धरणार, की किमान शिलकीच्या वरचीच? रोजची, की महिन्यातल्या एखाद्या तारखेची? साध्या कर्जापेक्षा दर किती जास्त, आणि तो फरक संपूर्ण मुदतभर राहणार का? खाते सांभाळण्याचे वार्षिक शुल्क किती? वर्षाला दोन-अडीच हजारांचे शुल्क म्हणजे आपल्या हिशेबात सोयीची किंमत दहावरून बारा-साडेबारा हजार, आणि मर्यादा तेवढ्या प्रमाणात वर.

कर्ज आधीच घेतलेले असेल तर मागच्या महिन्याचे स्टेटमेंट काढा. प्रत्येक शिल्लक किती दिवस होती ते पेन्सिलने बाजूला लिहा, गुणाकार करा, बेरजेला दराने गुणून ३६५ ने भागा, आणि ते व्याज पूर्ण कर्जाच्या व्याजातून वजा करा. आलेला आकडा बँकेने लावलेल्या व्याजाशी पाच-दहा रुपयांच्या आत जुळायला हवा. शेकड्यांचा फरक आला तर बहुधा खाते कर्जाला जोडलेलेच नसते, किंवा पैसे चुकून दुसऱ्याच खात्यात पडून असतात. तो कागद घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा. जितका उशीर, तितके दिवस तुम्ही पूर्ण कर्जावर व्याज भरत असता.